दवाखाना बंद असतानाची मावशी

माझ्या मावशीला दवाखान्यात नोकरी करायचीच नव्हती. तिला एका शिवणाच्या दुकानात जागा मिळणार होती. ती जागा ऐन वेळी मालकाच्या मेहुणीला गेली, म्हणून मावशी 'दोन महिन्यांपुरती' दवाखान्याच्या काउंटरवर बसली. त्या दोन महिन्यांना यंदा तेवीस वर्षं होतील. एवढ्या काळात एक डॉक्टर निवृत्त झाले, दुसरे आले, भिंतींचा रंग तीनदा बदलला, पण काउंटरमागची खुर्ची आणि खुर्चीतली बाई तीच राहिली. खुर्चीचा एक पाय लंगडा आहे. मावशी त्याच्याखाली औषध कंपनीची पुस्तिका घडी घालून ठेवते. "एवढ्यासाठी तरी या पुस्तिकांचा उपयोग आहे," असं ती त्या कंपनीच्या माणसासमोरच म्हणते.

तिच्या नावाने तिला तिथे कुणीच हाक मारत नाही. सगळ्यांची ती 'काउंटरवाल्या ताई'. डॉक्टर काय सांगतात ते पेशंटला कळत नाही, म्हणून आतून बाहेर आल्यावर लोक पुन्हा तिला विचारतात. ती कागद वाचते आणि सांगते, "ही सकाळी, ही रात्री, आणि ही जेवल्यावरच. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे, तुम्हाला सांगतेय." लोक माना डोलावतात. त्यांचा निम्मा आजार इथेच उतरतो असं माझं मत आहे, पण मी डॉक्टरांसमोर ते बोलत नाही.

हे सगळं तिच्या आवाजामुळे. मावशीचा आवाज म्हणजे कढत दुधावरची साय. घरी मला ओरडताना ती साय कुठे जाते हे मला आजवर समजलेलं नाही, पण फोनवर ती असतेच असते.

मी फोन, प्रिंटर आणि तत्सम रुसलेल्या वस्तू दुरुस्त करतो. दवाखान्यात निरोप घेणारं मशीन बसवायचं ठरलं तेव्हा ते काम मावशीने मलाच दिलं. "घरचा माणूस आहे, बिघडलं तर कान धरता येईल," असं तिने डॉक्टरांना सांगितलं. मशीनचं काम सोपं होतं, आणि आत बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी ते चालायचं. दवाखाना बंद असताना फोन आला की दोन रिंग झाल्यावर ते स्वतः उचलणार, आधी भरून ठेवलेला मजकूर ऐकवणार, मग 'बीप' करून समोरच्याचा निरोप टिपून ठेवणार.

मजकूर डॉक्टरांनी लिहून दिला होता. त्यांच्या अक्षरात, म्हणजे तो वाचायलाच अर्धा तास गेला. पहिलंच वाक्य असं होतं: 'दवाखाना सध्या बंद आहे. छातीत दुखत असेल, श्वास घेता येत नसेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला असेल, रक्त थांबत नसेल, कुणी बेशुद्ध असेल, तर हा फोन आत्ता ठेवा आणि रुग्णवाहिकेला फोन करा.' मग रुग्णवाहिकेचा नंबर, दोनदा. मग, 'इथे निरोप ठेवून वाट पाहू नका. निरोप दवाखाना उघडल्यावरच ऐकले जातात.' वेळा आणि नंबर कसा लावायचा ते त्यानंतर.

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय? फोन उचलल्या उचलल्या रक्त आणि बेशुद्ध? नमस्कार नाही, चमत्कार नाही!"

"मावशी, त्यांनी तसंच म्हणायला सांगितलंय."

"त्यांना काय कळतंय? ते आत बसतात. लोकांशी बोलते मी."

आणि तिने क्रम बदलला. आधी नमस्कार. मग सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ, शनिवारी सकाळी फक्त, रविवारी बंद. मग नंबर लावायचा असेल तर सकाळी नऊ ते दहा फोन करा, जुन्या पेशंटनी फाइलचा आकडा सांगा, लहान मुलांच्या लसी बुधवारी. मग कुठेतरी शेवटी ते छातीचं, श्वासाचं आणि रुग्णवाहिकेचं. आणि 'वाट पाहू नका' हे तिला फारच तुसडं वाटलं, म्हणून ते तिने गाळलं. त्याऐवजी तिच्या तोंडून सहज गेलं, "काही लागलं तर निरोप ठेवा हं. मी तुम्हाला फोन करते."

"हे कागदावर नाहीये," मी म्हणालो.

"कागदावर माणुसकी नाहीये. दाब ते बटण."

मी दाबलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्यात ते बटण माझं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "मजकूर भरला का?" मावशी म्हणाली, "भरला." त्यांनी स्वतःच्या कागदावर सही केली आणि फाइलला लावला. मशीन मात्र कुणीच ऐकलं नाही.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. लोक मशीनशी गप्पा मारायला लागले. सोमवारी सकाळी मावशी निरोप ऐकायची आणि खूश व्हायची. एकीने तर तिला सुनेची अख्खी तक्रार सांगितली होती, मशीनने मध्येच तोडली म्हणून पुन्हा फोन करून उरलेली सांगितली.

मग तो शनिवार आला. दवाखाना एकला बंद झाला. दोनच्या सुमाराला वीज गेली आणि अडीचला परत आली. मावशीचा जीव लसींच्या फ्रिजमध्ये अडकला. त्यातला काटा दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवा, वर गेला की लसी वाया, आणि कुठल्या तरी बाळाला पाणी टोचल्यासारखं. ती मला म्हणाली, "चल, गाडी काढ. काटा बघून येऊ."

तीन वाजून पाच मिनिटांनी आम्ही कुलूप उघडलं. फ्रिजचा काटा पाचवर होता. तिने वहीत वेळ आणि आकडा लिहिला, सही केली. मी दारात उभा राहून किल्ल्या वाजवत होतो, कारण दुकानात एक प्रिंटर पोट उघडून माझी वाट बघत होता.

"ए, सात निरोप," मावशी म्हणाली. मशीनवर लाल आकडा लुकलुकत होता.

"सोमवारी ऐक ना. सुनेचं पुढचं प्रकरण असेल."

"दोन मिनिटं लागतात, शहाण्या."

तिने बटण दाबलं. पहिला निरोप: दाढ दुखतेय, दाताचा डॉक्टर कोण चांगला? दुसरा: नुसताच श्वास आणि "उचलत कसे नाहीत!" तिसरा: लस बुधवारी आहे ना? चौथा: कसलीतरी विमा पॉलिसी विकणारा. मी किल्ल्या वाजवणं चालू ठेवलं.

पाचवा निरोप मशीनच्या घड्याळाप्रमाणे दोन वाजून सहा मिनिटांचा होता.

"ताई, मी बोलतोय. एक वाजून पन्नास मिनिटांनी छातीत दाबल्यासारखं सुरू झालंय. डाव्या हातात उतरतंय. घाम येतोय. ॲसिडिटीच असेल. पण तुम्हाला विचारून घ्यावं म्हटलं. फोन करा."

माझ्या किल्ल्या थांबल्या. नाव नाही, नंबर नाही. मावशीचा चेहरा मात्र ओळखीने पांढरा पडला. मिनिटांसकट वेळ सांगून आजार सांगणारा माणूस सगळ्या पेशंटांत एकच होता. घड्याळवाले काका. बाजाराच्या टोकाला घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वर राहतं घर. काकू मुलीकडे गेलेल्या, दुकान शनिवारी दुपारी बंद. म्हणजे माणूस एकटा.

सहावा, दोन पंचवीस. "ताई, थोडं वाढलंय. तुम्ही कामात असाल. मी फोनजवळच बसलोय."

सातवा, दोन बावन्न. आवाज बसलेला. "ताई... तुम्ही फोन करते म्हणालात ना. मी थांबलोय."

मशीनने बीप केलं आणि गप्प झालं. तासभर तो माणूस छाती धरून बसला होता, कारण त्याला फोन येणार होता. आणि फोन करते असं म्हणालेली बाई माझ्या शेजारी उभी होती.

"रुग्णवाहिका," मावशी म्हणाली. आवाजात साय नव्हती. "तुझ्या मोबाइलवरून. मी त्यांना लावते."

मी लावला. पलीकडच्या बाईने पहिला प्रश्न विचारला, पत्ता. मावशी एका हाताने काकांचा नंबर फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने फाइलींच्या कपाटात शोधत होती. तिला आकडा पाठ होता, सातशे अठरा. फाइल काढून माझ्यासमोर आपटली.

"वय सदुसष्ट. छातीत दुखतंय, एक पन्नासपासून. घरात एकटे," मी वाचत गेलो. "शुद्धीवर आहेत का माहीत नाही."

"जिना मागून आहे म्हणून सांग!" मावशी ओरडली. "पुढे शटर बंद असेल, पुढून शोधत बसतील!"

मी सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, गाडी निघाली, दहा-बारा मिनिटं लागतील, तोवर कुणी त्यांच्याजवळ जाऊ शकतं का, फोन बंद करू नका.

"एंगेज," मावशी म्हणाली. पुन्हा फिरवला. "एंगेज." पुन्हा. "अरे, एंगेज कसा लागतोय? हातातून रिसीव्हर पडला की काय?" घाईत एकदा चुकीचा आकडा दाबला गेला, तिने स्वतःलाच शिवी घातली. तेवीस वर्षांत मी तिच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन अकरा. दोन सहा, दोन पंचवीस, दोन बावन्न. दर वीस-पंचवीस मिनिटांनी. आणि मग माझ्या डोक्यात, जिथे एरवी फारसं काही शिरत नाही असं मावशीचं मत आहे, तिथे लख्ख प्रकाश पडला.

"मावशी, फोन ठेव!"

"वेडा झालास का?"

"ठेव आधी! ते तुलाच लावतायत. तू त्यांना लावतेयस म्हणून त्यांना एंगेज, ते तुला लावतायत म्हणून तुला एंगेज!"

तिने रिसीव्हर ठेवला. ठेवला आणि हात त्याच्यावरच ठेवून उभी राहिली, जणू तो उडून जाईल. दहा सेकंद. वीस. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि आम्ही दोघं दचकलो. तीस सेकंद.

फोन वाजला.

तिने पहिल्या रिंगलाच उचलला, आणि तेवीस वर्षांची सवय तिच्या जिभेवर आधी आली. "नमस्कार, डॉक्टरांचा दवाखाना..."

मशीनमधलं पहिलं वाक्य हेच होतं. अगदी याच चालीत.

पलीकडून एक थकलेला सुस्कारा आला, मलाही ऐकू आला. "परत मशीनच," काका म्हणाले. रिसीव्हर खाली जाताना होतो तसा खडखडाट झाला.

"काका! काका, मी आहे! मशीन नाही! ठेवू नका!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचं कुत्रं भुंकलं. "माझ्या नवऱ्याचं घड्याळ तुमच्याकडे पडलंय, तीन वर्षं झाली! उद्या देतो, उद्या देतो म्हणता! मशीन असं बोलेल का?"

खडखडाट थांबला. मग बारीक आवाज. "...त्याचा पार्ट मिळत नाही हो, ताई."

मावशी रडली की हसली हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी झालं असावं.

"तो राहू दे. दार उघडं आहे का?"

"उघडंच ठेवलंय. तुम्ही कुणाला पाठवाल म्हणून."

"शाबास. आता उठायचं नाही. भिंतीला पाठ लावून बसा, शर्टाची बटणं काढा. गाडी निघालीय. तुम्ही जिना उतरायचा नाही, ते वर येतील." मग माझ्याकडे वळून, रिसीव्हरवर हात ठेवून, "डॉक्टरांना विचार, ती चघळायची गोळी सांगू का?"

रुग्णवाहिकेवाल्या बाईला मी सांगितलं की पेशंट शुद्धीत आहे, बोलतोय, आणि डॉक्टरांशी बोलायला फोन ठेवतोय. तिने हो म्हटलं. डॉक्टर परगावी होते, पण त्यांनी उचलला. दोन वाक्यं ऐकून ते म्हणाले, "ॲस्पिरिन चालतं का त्यांना? फाइलचं पहिलं पान बघ."

पहिल्या पानावर लाल शाईत मावशीच्याच अक्षरात होतं: पोटात अल्सर, मागच्या वर्षी रक्तस्राव. मी वाचून दाखवलं.

"मग नको. काही देऊ नका. गाडीतल्या लोकांना हे सांगा, कागद बरोबर द्या. आणि तू तिथे जा, रस्ता दाखव."

मी फाइल घेतली आणि गाडीला किक मारली. एरवी पाच मिनिटांचा रस्ता. मला वाटलं मी त्यावर म्हातारा होतोय. मागच्या जिन्याने वर धावलो. काका दाराशेजारी जमिनीवर बसले होते, चेहरा ओल्या राखेसारखा, एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ. रिसीव्हरमधून मावशीचा आवाज अखंड चालू होता, "...आणि तुमच्या काकूंना मी काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मी नाही मध्ये पडणार..." ती काय वाटेल ते बोलत होती. तिला फक्त पलीकडून "हं" ऐकायचं होतं.

गाडीचा आवाज आला. मी खिडकीतून ओरडलो, "मागून! जिना मागून!" दोन माणसं वर आली, एक बाई आणि एक दांडगा. बाईने फाइलचं पहिलं पान बघितलं, छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती बघून तिने दांडग्याला नुसती मान हलवली. त्यांनी काकांना खुर्चीत बांधून खाली नेलं. मी रिसीव्हर उचलला.

"मावशी, गेले. शुद्धीत आहेत."

पलीकडे तिने नाक ओढलं. मग, "फ्रिजचं दार नीट लागलंय का बघायचं राहिलं."

काका वाचले. त्याच संध्याकाळी त्यांच्या हृदयाची तुंबलेली नळी मोकळी केली. पण हृदयाचा एक तुकडा कायमचा थकला. जिना आता ते दोन टप्प्यांत चढतात. सोमवारी डॉक्टर आले, मशीनसमोर उभे राहिले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तो मजकूर ऐकला. नमस्कारापासून 'फोन करते'पर्यंत. मावशी भिंतीला टेकून उभी होती.

"तासभर आधी गेले असते तर..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "मी हे ऐकायला हवं होतं. सही कागदावर केली."

"मला काढून टाका," मावशी म्हणाली.

"तुम्हाला काढलं तर मला कोण सांगेल कुठली फाइल कुठे आहे? मजकूर बदला."

तिने तोच जुना कागद काढला, डॉक्टरांच्या अक्षरातला. एकही शब्द बदलला नाही. मी यंत्र पुढे केलं. तिने ते माझ्याकडेच परत ढकललं.

"मी नाही. तू बोल."

"मी? मावशी, माझा आवाज म्हणजे..."

"माहितीये. पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. म्हणूनच." तिने कागद माझ्या हातात कोंबला. "माझा आवाज ऐकला की लोकांना वाटतं मी तिथे आहे. मी तिथे नसते. तुझ्या आवाजाजवळ कुणी थांबणार नाही."

अशा रीतीने माझ्या आवाजाला आयुष्यात पहिल्यांदा नोकरी लागली. 'दवाखाना सध्या बंद आहे. छातीत दुखत असेल...' मी वाचत गेलो. 'इथे निरोप ठेवून वाट पाहू नका' हे वाक्य मावशीने मला तीनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्या दोनदा त्यात, तिच्या मते, जरा गोडवा आला होता. 

दीड महिन्याने काका दवाखान्यात आले, हळूहळू, काकूंचा हात धरून. काउंटरवर टेकून म्हणाले, "ताई, त्या मशीनमध्ये हल्ली कोण बसलंय? परवा रविवारी लावला होता, नंबर घ्यायला. तो माणूस बोलायला लागला की वाटतं, कधी एकदा फोन ठेवतोय."

"हो ना?" मावशी म्हणाली. मी शेजारीच प्रिंटर उघडून बसलो होतो, माझ्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. "घड्याळाचा पार्ट मिळाला का?"

"उद्या देतो."

अजूनही दर शनिवारी, कुलूप लावून घरी आल्यावर, हातपाय धुवायच्या आधी, मावशी माझा मोबाइल मागून घेते आणि दवाखान्याचा नंबर लावते. दोन रिंग. मग माझा पत्र्यावरचा खिळा. ती पदराशी चाळा करत उभ्या उभ्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या बीपपर्यंत सगळं ऐकते, आणि मगच चहा टाकते.